पुलापलीकडच्या दोन खोल्या बंद करू नका: विश्वस्त मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,

सप्रेम नमस्कार.

मार्चमधल्या बैठकीत आपण ठराव केलात. शिरोळ तालुक्यातल्या पूरमदतीच्या साठ्याच्या आपल्या दोन्ही खोल्या सोडायच्या, सगळं सामान पुण्याच्या गोदामात न्यायचं आणि यापुढे तयार 'पूरग्रस्त किट' एकदम दोन वर्षांची घेऊन ठेवायची. ठरावाची प्रत मला पोस्टाने आली, सोबत 'चाव्या जमा कराव्यात' अशी एक ओळ. आजवर जे बोलायचं ते मी बैठकीत बोलत आले. या वेळी बैठकीला बोलावणंच नव्हतं म्हणून चारचौघांत लिहिते आहे. ज्यांच्या देणगीतून हा साठा उभा राहतो आणि ज्यांच्या दारात पाणी येतं, त्या दोघांनाही हे कळलं पाहिजे.

मी निवृत्त शिक्षिका. २०१९ च्या पुरानंतर कृष्णेपलीकडच्या खोलीची साठा नोंदवही मी लिहिते. माझं स्वतःचं घर २०१९ ला माळवदापर्यंत पाण्यात होतं, त्यामुळे शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभं राहून सामान घेणारी आणि नंतर तेच सामान वाटणारी, या दोन्ही बाजूंनी मी हे पाहिलं आहे.

आधी भूगोल. आपल्यातले बरेच जण वाडीला दत्तदर्शनाला येऊन गेलेत, पण पावसाळ्यात नाही. नृसिंहवाडीजवळ पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढे सरकायला जागा राहत नाही, पाणी मागे तुंबतं, त्याला आम्ही फूग म्हणतो. फुगेचं पाणी धावून येत नाही, इंचाइंचाने चढतं. पण चढलं की उतरत नाही, शेता-ओढ्यांतून पसरतं आणि तालुक्याचे तीन तुकडे करतं. वाडी आणि शिरोळ एका तुकड्यात, पंचगंगेपलीकडे कुरुंदवाडची बाजू दुसऱ्यात, आणि कृष्णेपलीकडे औरवाड, कवठेगुलंद, बुबनाळ, आलास ही गावं तिसऱ्यात. पुलांच्या जोडरस्त्यांवर पाणी आलं की या तुकड्यांचा एकमेकांशी संबंध उरतो तो फक्त बोटीचा. पुणे तर फारच लांब. २०१९ ला आणि २०२१ ला पुणे-बंगळूर महामार्गच कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन बंद होता. ट्रकच्या रांगा लागल्या होत्या, त्यांत मदतीचेही ट्रक होते.

म्हणून माझी पहिली तक्रार जागेची आहे. नदीच्या अलीकडे ठेवलेलं सामान पलीकडच्या माणसासाठी साठा ठरत नाही. आपल्या दोन्ही खोल्या मिळून जेमतेम साडेतीनशे चौरस फुटांच्या. भाडं तुटपुंजं, जागा माळावर, २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर. ही खूण मी स्वतः चुन्याने भिंतींवर मारून घेतली आहे. या खोल्यांमध्ये वर्षभराचा साठा नसतो, आणि नसावाच. रस्ता बंद झाल्यापासून बाहेरची मदत येईपर्यंतची मधली वेळ भरून काढणं, एवढंच त्यांचं काम. आमच्या अनुभवात ती वेळ तीन दिवसांची. चौथ्या दिवसापासून बोटी लागतात, एनडीआरएफ येते, कर्नाटकाच्या बाजूने गाड्या येतात, मग मदतीचा इतका भडिमार होतो की ठेवायला जागा पुरत नाही. पुण्याचं गोदाम त्या चौथ्या दिवसासाठी ठेवा, माझी हरकत नाही. ते कोरडं आहे, आणि २०२१ सारखं चिपळूण-महाड आणि कोल्हापूर-सांगली एकाच आठवड्यात बुडलं तर कुठेही वळवता येतं. पहिले तीन दिवस मात्र ते आमच्या कामाचं नाही.

दुसरी तक्रार किती आणि काय, याची. ठरावात आकडा आहे: अकराशे किट, कारण आमच्या भागात पूररेषेत घरं अकराशे. घरं मोजून साठा ठरवला की तो नेहमी चुकतो. पाणी यायला लागलं की निम्म्याहून जास्त लोक पाव्हण्यांकडे जातात, मिरजेला, जयसिंगपूरला, चढावरच्या गावांना. शाळेत येतात ते ज्यांचे पाव्हणेही बुडालेले असतात, ज्यांची जनावरं कुणी घेत नाही, आणि ज्यांना जायला कुणीच नाही. माझ्या वहीत २०१९ ला निवाऱ्यातली कुटुंबं ४१२, २०२१ ला २९०. दुसऱ्या वेळी लोक शहाणे झाले होते, आधीच निघाले. यावरून मी ३५० कुटुंबं धरते, घरटी पाच माणसं, म्हणजे १,७५० माणसं, तीन दिवस. २०२१ सारखा पूर यात पूर्ण बसतो. २०१९ सारखा आला तर हाच साठा अडीच दिवस पुरेल आणि अर्धा दिवस ओढाताण होईल. ती ओढाताण मी जाणूनबुजून पत्करते, कारण सगळ्यात वाईट पुरासाठी साठा केला तर दरवर्षी त्यातला बराच भाग कुजवण्यासाठीच घेतल्यासारखं होतं.

आता पाणी, कारण तयार किटमधली सगळ्यात जड वस्तू तीच. दर किटमध्ये बाटल्यांचा एक खोका आहे, लिटरच्या बारा बाटल्यांचा. माणशी दिवसाला तीन लिटर नुसतं प्यायला धरा. १,७५० माणसांना दिवसाला ५,२५० लिटर, तीन दिवसांना १५,७५० लिटर. म्हणजे तेराशेच्या वर खोके, जवळजवळ सोळा टन वजन. एवढे खोके आमच्या खोल्यांत ठेवले तर बाकीच्या सामानाची जागा जाते. आणि आपल्या किटमधला एक खोका पाच माणसांच्या घराला एक दिवससुद्धा पुरत नाही.

याच कामाला मी क्लोरीनच्या गोळ्या ठेवते, वीस लिटरला एक गोळी, या मापाच्या. घरटी दिवसाला एक बादली धरली तर तीन दिवसांना १,०५० गोळ्या. मी दुप्पट ठेवते, २,१००. दहा-दहाच्या पट्ट्या, सगळ्या मिळून एका बुटाच्या खोक्यात बसतात. सोबत ३५० झाकणाच्या बादल्या. कॅन नको, बादल्याच, कारण बादली बादलीत बसते आणि पंचवीसची चवड कोपऱ्यात उभी राहते. नळ बसवलेली बादलीही नको, नळामुळे चवड लागत नाही. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे कुणाचे हात बुडत नाहीत.

गोळीलाही मर्यादा आहेत, त्या किटवर कुणी छापत नाही म्हणून सांगते. गढूळ पाण्यात गोळी टाकली की क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. आधी तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळायचं, मग गोळी, आणि अर्धा तास थांबायचं. अर्ध्या तासाने क्लोरीनचा बारीक वास आला पाहिजे. नाही आला तर पाणी अजून घाण आहे, दुसरी गोळी टाकून पुन्हा अर्धा तास थांबायचं. उसाच्या फडातून आलेल्या पाण्यात तणनाशक असेल तर त्यावर या गोळीचा उपाय चालत नाही. म्हणून पाणी शक्यतो माळावरच्या बोअरचं घ्यायचं आणि गोळी त्यात टाकायची. हे सांगणारी एक बाई दर शाळेत उभी लागते. आमच्या बचत गटातल्या सहाजणी हे काम डोळे मिटून करतात.

विहिरीत टाकायच्या टीसीएल पावडरबद्दलही सांगते, कारण जुनी पोती 'वापरून टाका' असा आपला निरोप आहे. २०१९ ला उरलेली तीन पोती आम्ही तशीच ठेवली होती. २०२१ ला उघडली तर आत दगडासारखे गोळे, आणि नाक लावलं तरी वास नाही. ताजी पावडर आली की डोळ्यांत पाणी येतं, ती साधारण तेहेतीस टक्के क्लोरीनची असते. दमट हवेत पोतं उघडं राहिलं की ताकद महिन्या-महिन्याने उतरते. अशी मेलेली पावडर विहिरीत टाकायची आणि 'शुद्धीकरण झालं' म्हणून फोटो काढायचा, हे काही न टाकण्यापेक्षा वाईट, कारण लोक मग पाणी उकळत नाहीत. तेव्हापासून मी टीसीएल ठेवतच नाही. ग्रामपंचायत दर पावसाळ्यात ताजी आणते.

जेवणाचं गणित आणखी साधं आहे. पहिल्या रात्री कुणी चूल मांडत नाही. लाकूड ओलं, भांडी घरात बुडालेली, बायका जनावरं बांधण्यात गुंतलेल्या. त्या रात्री चिरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ. पुढचे दोन दिवस शाळेत एकत्र स्वयंपाक: माणशी दिवसाला चारशे ग्रॅम तांदूळ, साठ ग्रॅम डाळ, पंचवीस ग्रॅम तेल. दोन दिवसांचे मिळून पन्नास किलोची अठ्ठावीस पोती तांदूळ, २१० किलो डाळ, पंधरा किलोचे सहा डबे तेल. तिखट-मीठ-हळद वेगळं. आपल्या किटमध्ये पाच किलो गव्हाचं पीठ आहे. आमची माणसं भाकरी-चपातीचीच, तांदूळ ठेवते म्हणून मला बोलणी बसतात. पण पीठ दोन-तीन महिन्यांत कडवट होतं, त्यात जाळी धरते. गहू ठेवावा तर गिरणीला वीज लागते, आणि पुरात पहिली जाते ती वीज. भात एका पातेल्यात शंभर माणसांचा होतो, चपात्या लाटायला वीस हात लागतात.

आता तयार किटवरचा माझा खरा आक्षेप, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. किट म्हणजे एकवीस वस्तू एका सीलबंद खोक्यात. त्यात साबणाला मुदतच नसल्यासारखी, सॅनिटरी पॅड कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं टिकतात, ओआरएसला दोन-तीन वर्षं, आणि बिस्किटाला सहा-सात महिने. खोकं सील केलं त्या दिवसापासून अख्ख्या किटची मुदत बिस्किटाएवढी होते. मग एक तर सगळी खोकी फोडून बिस्किटं बदलायची, नाहीतर मुदत गेलेलं पोराच्या हातात द्यायचं.

आम्ही हे भोगलं आहे. २०२१ च्या जुलैत शाळेच्या व्हरांड्यात पेट्रोमॅक्सच्या उजेडात २०१९ च्या उरलेल्या किट उघडल्या. पहिल्याच खोक्यातून उंदराच्या लेंड्या पडल्या. बिस्किटाचा पुडा कोपऱ्यातून कुरतडलेला, त्याचा चुरा साबणाला चिकटलेला. टॉर्चमधले सेल फुटून पांढरी बुरशी आलेली. १२० टॉर्चपैकी चालू निघाल्या ४६. सेल बाहेर काढून ठेवले असते तर सगळ्या चालल्या असत्या. ताडपत्र्यांच्या घड्या उंदरांनी अशा कातरल्या होत्या की उघडल्यावर ओळीने एकसारखी सहा भोकं, लहानपणी आम्ही कागदाची नक्षी कातरायचो तशी. माझ्या शेजारची एक आजी ओल्या लुगड्यात दोन तास बसून होती. किटमध्ये तिच्यासाठी काय निघालं तर टूथब्रश, कंगवा आणि एक टी-शर्ट. तेव्हापासून आमच्या खोलीत साठ नऊवारी लुगडी असतात. ती कुठल्याही मानकात सापडणार नाहीत, पण दरवेळी सगळ्यात आधी तीच संपतात.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. सामानाचे दोन भाग केले. न खराब होणारं (बादली, ओगराळं, ताडपत्री, दोर, चादर, लुगडं, साबण, पॅड, सेल बाहेर काढलेली टॉर्च) हे आधीच बांधून ठेवायचं. खायचं आणि औषधी ते सुटं ठेवायचं, वस्तूवार थप्पी लावून. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून, म्हणजे ओल चढत नाही आणि मांजराला फिरायला वाट राहते. (मांजर आम्ही पाळलं आहे. त्याच्या दुधाचा खर्च मी हिशेबात कधी लावला नाही.) प्रत्येक पोत्याच्या दर्शनी बाजूला खडूने नाही, मार्करने, वीतभर अक्षरात मुदतीचा महिना. ज्याची मुदत आधी, ते पुढे. नवं पोतं आलं की मागे जातं, त्यासाठी थप्पी दोन्ही बाजूंनी मोकळी लागते. एकावर एक ढीग मारला की तळातलं पोतं तळातच म्हातारं होतं.

फिरवण्याचा नियम एकच. १ मे ला सगळी खोली मोजायची. ज्याची मुदत ३१ डिसेंबरच्या आत संपते ते त्याच दिवशी बाहेर: गोळ्या आणि ओआरएस आशाताईंकडे, त्यांना उन्हाळ्यातही ते लागतंच. तांदूळ, डाळ, तेल मे मध्ये ताजं घ्यायचं, १० जूनच्या आत खोलीत. आमच्याकडे पूर जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टमध्ये येतो, पण रस्ते आधीच चिखलात जातात. दसऱ्यापर्यंत पाणी आलं नाही, तर तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची खानावळ ते धान्य घेते, घाऊक भावाने, पैसे आपल्या खात्यात. त्या बदल्यात खानावळीला दसरा-दिवाळीची खरेदी करावी लागत नाही. नोव्हेंबर ते मे खोलीत धान्याचा दाणा नसतो.

आपल्या टिपणात एक वाक्य आहे: '२०२३ मध्ये साठा विनावापर राहिला.' २०२३ ला पाऊसच रुसला होता, पूर कुठून येणार? पण तांदूळ विनावापर राहिला नाही, मुलींनी खाल्ला. आपला खर्च झाला तो दोन भावांमधला फरक आणि टेम्पोचं भाडं, तेवढाच. चूक झाली ती त्याच्या आदल्या वर्षी, आणि ती माझीच. भीतीपोटी मी डाळ दुप्पट घेतली, खानावळीला तेवढी नको होती, आणि नव्वद किलो डाळीला भुंगे लागले. ते वहीत लाल शाईने लिहिलेलं आहे. टिपणात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे वही कुणी उघडली नसावी.

शेवटची तक्रार अधिकाराची. २०२१ ला खोलीचं सामान वाटायला काढण्याआधी पुण्याची परवानगी लागत होती. त्या रात्री आमच्याकडे एकाही कंपनीची रेंज नव्हती. परवानगी सकाळी साडेदहाला मिळाली, तोवर शाळेच्या पायऱ्यांना पाणी लागलं होतं. कुलूप मी रात्रीच तोडलं होतं, त्याबद्दल मला पत्र आलं. ते पत्रही मी जपून ठेवलं आहे.

तर माझ्या मागण्या अशा.

दोन्ही खोल्या चालू ठेवा. पुण्याच्या गोदामाला दुसऱ्या फळीचा साठा म्हणा, पहिल्या फळीचा नको.

दोन वर्षांच्या तयार किटची खरेदी थांबवा. घ्यायच्याच असतील तर त्यातलं खाणं, पाणी आणि औषधं वगळून घ्या.

आकडा घरांवरून नको, निवाऱ्यातल्या नोंदवहीवरून ठरवा, आणि दर पुरानंतर तो बदला.

साठ्याचे पैसे एप्रिलमध्ये द्या. ऑगस्टमध्ये बातम्या पाहून देणग्यांचा ओघ येतो हे मला कळतं, पण ऑगस्टमध्ये तांदूळ पुलावरून येत नाही. गेल्या ऑगस्टच्या देणगीतला ठरावीक हिस्सा पुढच्या एप्रिलसाठी बाजूला काढून ठेवलात तर हे जमतं.

कुलूप उघडायचा नियम कागदावर लिहून द्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की सुटं सामान बांधायला घ्यायचं, ४३ फुटांच्या धोका पातळीला लागलं की ते शाळांमध्ये नेऊन ठेवायचं. वर पाऊस चालू असेल आणि धरणांचे विसर्ग वाढत असतील तर ४३ ची वाट पाहायची नाही. फोन लागो न लागो, चावी असलेल्या दोघींपैकी एकीने ठरवावं आणि वेळ वहीत लिहावी. पाणी आलंच नाही तर सामान परत खोलीत येईल. टेम्पोची एक खेप वाया जाईल, त्याबद्दल मला खुशाल पत्र पाठवा.

चाव्या मी जमा केलेल्या नाहीत. १ मे ला सकाळी नऊ वाजता दोन्ही खोल्यांची मोजणी आहे, आधी कुरुंदवाडकडची, दुपारून आमची. आपल्यापैकी कुणी एक जण जरी आलं तरी वही, मार्करच्या तारखा आणि २०१९ ची चुन्याची खूण, तिन्ही दाखवीन. चहा आमच्याकडे.

आपली,
कृष्णेपलीकडच्या खोलीची नोंदवही लिहिणारी कार्यकर्ती